फेटेवाले काका कोणते?

लग्नाचा व्हिडिओ घरी येतो तेव्हा आहेराची पाकिटं मोजून झालेली असतात, कार्यालयाचा हिशेब मिटलेला असतो आणि नवी सून सासरच्या गॅसची शेगडी कशी पेटते ते शिकून घेतलेली असते. दोन-तीन महिने सहज उलटतात. मग एका रविवारी पेन ड्राइव्ह टीव्हीला लागतो, सगळं घर जमतं, पहिला अर्धा तास कौतुकात जातो आणि मग कुणीतरी विचारतं, "अगं, मावशीची मंगलाष्टकं कुठं गेली?" तिथून पुढे सगळ्यांना काही ना काही दिसायला लागतं. रात्री स्टुडिओवाल्याला मेसेज जातो तो साधारण असा असतो: "दादा, व्हिडिओ मस्त झालाय. फक्त थोडे चेंजेस हवे होते. आमच्याकडची माणसं फार कमी दिसतात. विधी मागेपुढे झालेत. फेटेवाले काका तीनदा आलेत आणि आजी एकदाच. गाणी जरा चांगली टाका. आणि कलर पण बघा ना."

या मेसेजमधली एकही तक्रार खोटी नसते. तरीही महिन्याभराने जो नवा व्हिडिओ येतो त्यात दोन गाणी बदललेली असतात आणि बाकी सगळं होतं तसंच असतं. स्टुडिओवाल्याने टाळाटाळ केली असं घरात ठरतं. कधीकधी ते खरंही असतं, पण बऱ्याचदा अडचण साधी असते. तो मेसेज ज्याला वाचायचा असतो तो माणूस लग्नाला आलेलाच नसतो.

ज्यांच्याशी आपण कोटेशन ठरवलं ते स्टुडिओचे मालक. लग्नात हजर होते ते शूट करणारे: एक ट्रॅडिशनल व्हिडिओवाला, एक सिनेमॅटिकवाला, जमलं तर ड्रोनवाला. आणि फिल्म कापून जोडणारा एडिटर हा अनेकदा चौथाच कुणी असतो. तो एका फिल्मचे ठरलेले पैसे घेऊन काम करतो, त्याच सीझनमध्ये त्याच्याकडे अशी बरीच लग्नं पडलेली असतात, आणि त्याचं बसायचं ठिकाण दुसऱ्या गावातही असू शकतं. त्याच्या हातात दहा-बारा तासांचं फुटेज येतं. त्यातली दोन माणसं त्याला ओळखू येतात, नवरा आणि नवरी. आई-वडील तो अंदाजाने ओळखतो, कारण ते पूजेला बसलेले असतात. आत्या, मावशी, धाकटे काका, आजी ही नाती त्याला पडद्यावर दिसत नाहीत. त्यात "फेटेवाले काका" म्हणजे कहरच. मांडवातल्या प्रत्येक पुरुषाच्या डोक्यावर एकाच माणसाने बांधलेला, एकाच रंगाचा फेटा असतो.

तेव्हा दुरुस्तीचं पत्र पाठवायचं ते मालकाला, पण लिहायचं त्या न भेटलेल्या एडिटरसाठी. एवढं लक्षात ठेवलं की पत्राची भाषाच बदलते.

पत्राआधी एक काम मात्र करावं लागतं. जे खटकतंय ते फिल्ममध्येच आहे ना, याची खात्री. ओठ आणि आवाज जुळत नाहीत ही तक्रार नेहमीची आहे, आणि ती पुष्कळदा ब्लूटूथ स्पीकरमुळे येते. बिनतारी स्पीकरपर्यंत आवाज पोहोचायला थोडा उशीर होतो आणि गुरुजींचे ओठ मंत्राच्या पुढे धावतात. तीच फाइल लॅपटॉपवर वायरच्या इअरफोनने ऐकली की खरं-खोटं कळतं. रंगांचंही तसंच. टीव्हीचं चित्र भडक ठेवलेलं असेल तर हळदीचा पिवळा डोळ्यांत घुसतो. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असेल तर चांगली फिल्म दुपारच्या मालिकेसारखी दिसते. आणि व्हॉट्सअॅपवर आलेली प्रत पाहून तर चित्राबद्दल काहीच बोलू नये, कारण पाठवताना ती आकुंचन पावलेली असते. फिल्म मध्येच तुटून दुसऱ्या फाइलमध्ये सुरू होते, ही बहुधा एडिटिंगची चूक नसते. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून तिचे तुकडे करावे लागतात.

इतकं चाळून उरतं ते खरं. आता त्यातलं काय बदलता येतं आणि काय नाही, याचा थोडा अंदाज हवा. नाही तर आपण सोप्या गोष्टीसाठी आर्जवं करतो आणि अशक्य गोष्ट सहज मागून बसतो.

"गाणं तेवढं बदला" ही मागणी ऐकायला सगळ्यात लहान वाटते. दोन तासांच्या मोठ्या फिल्ममध्ये ती खरंच लहान असते, कारण तिथे गाणं दृश्यांच्या खालून वाहत असतं. पण चार-पाच मिनिटांच्या हायलाइटमध्ये गाणं आधी ठरतं आणि शॉट नंतर बसतात. ठेक्यावर दृश्य बदलतं, कडवं संपतं तिथे अंतरपाट दूर होतो, शेवटच्या सुरावर पाठवणी येते. तिथे गाणं बदलायचं म्हणजे हायलाइट पहिल्यापासून पुन्हा कापायची. एडिटर याला नवीन कामच समजतो आणि त्यात त्याची चूक नाही.

उलट एखादा शॉट काढणं, दुसरा घालणं, नाव दुरुस्त करणं ही कामं मिनिटांची आहेत. पण त्यानंतर सगळी फिल्म पुन्हा एक्स्पोर्ट करावी लागते, आणि दोन तासांच्या फिल्मला साध्या संगणकावर त्यात काही तास जातात. तेवढा वेळ त्या संगणकावर दुसरं काम धड होत नाही. आज एक बदल, परवा दोन, पुढच्या आठवड्यात आत्याचा एक असं कळवलं की प्रत्येक वेळी तेवढे तास जातात. "सगळे बदल एकदम सांगा" असं स्टुडिओवाले म्हणतात त्यामागे हे कारण आहे.

काही गोष्टी मात्र कुणालाच करता येत नाहीत. जे चित्रित झालं नाही ते आणता येत नाही, हे उघड आहे. कमी उघड असलेली गोष्ट म्हणजे स्लो मोशन. फिल्म सेकंदाला २५ चित्रांनी चालते. संथ दाखवायचं असलेलं दृश्य सेकंदाला ५० किंवा १०० चित्रांनी टिपावं लागतं, म्हणजे ते दुप्पट किंवा चौपट ताणलं तरी मधली चित्रं हाताशी असतात. मुळात २५नेच टिपलेला अक्षतांचा शॉट "जरा स्लो करा" म्हटलं तर तो गचके खात चालतो किंवा हातांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. याची दुसरी बाजूही आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत हा संथ प्रकार चालू असताना आवाजच नोंदला जात नाही. वडील मुलीच्या कानात काहीतरी बोलतात तो सुंदर संथ शॉट मुका असतो तो त्यामुळे. ते शब्द कुठल्याच फाइलमध्ये नसतात.

आता प्रत्यक्ष पत्र पाहू. उदाहरणासाठी एक लग्न धरू: मुलगी मिरजेची, मुलगा पुण्याचा, लग्न सांगलीच्या एका कार्यालयात, स्टुडिओ पुण्याचा. दोन तास दहा मिनिटांची मोठी फिल्म आणि पाच मिनिटांची हायलाइट मिळाली आहे. पत्र नवरीने लिहिलंय, मेलवर. सुरुवात अशी:

"दादा, सप्रेम नमस्कार. फेब्रुवारीत सांगलीला झालेल्या आमच्या लग्नाची फिल्म मिळाली. दोन्ही घरांनी ती पूर्ण पाहिली. हायलाइट आम्हाला फार आवडली, तिच्यात काहीही बदल नको. मोठ्या फिल्ममध्ये काही दुरुस्त्या हव्या आहेत. खाली दिलेल्या सगळ्या वेळा Full_Film_V1.mp4 या फाइलमधल्या आहेत. दोन्हीकडच्या सगळ्यांचं म्हणणं याच पत्रात आलं आहे. यानंतर कुणी वेगळा मेसेज केला तर तो धरू नका, मला विचारा."

यातली फाइलच्या नावाची ओळ बारीकसारीक वाटेल, पण दुसऱ्या फेरीत तीच वाचवते. समजा आठव्या मिनिटाला वीस सेकंदांचा शॉट वाढवला, की त्यानंतरची प्रत्येक वेळ वीस सेकंदांनी सरकते. घरात एकजण जुनी प्रत पाहतोय आणि दुसरा नवी, आणि दोघंही "सत्तेचाळिसाव्या मिनिटाला" म्हणताहेत, असं झालं की एडिटर चुकीच्या जागी कात्री लावतो. शेवटची ओळ मावशी-काकांसाठी आहे. स्टुडिओवाल्यांचा नंबर कार्डावरून सगळ्यांनी घेतलेला असतो आणि प्रत्येकजण परस्पर एकेक व्हॉइस मेसेज टाकतो. एकाला जेवणावळ कमी हवी असते, दुसऱ्याला तीच वाढवून. मालक त्यातला जो मेसेज वर दिसेल तो एडिटरला पुढे पाठवतो.

पत्रात पुढे येते पाटी:

"००:०८ ला सुरुवातीच्या पाटीवर मिरजऐवजी 'मरिज' दिसतंय. मजकूर खाली टाइप केला आहे आणि तो कसा दिसायला हवा याचा फोटोही जोडला आहे."

फोटो का, तर देवनागरी नुसती टाइप करून पाठवली तर ती पोहोचेपर्यंत टिकेलच असं नाही. र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण टाइप होते अक्षरानंतर. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसेल तर ती वेलांटी जिथे टाइप झाली तिथेच, म्हणजे 'म'च्या पुढे बसते आणि वाचणाऱ्याला ती 'र'ची वाटते. मिरजेची मरिज होते ती अशी. जोडाक्षरंही सुटी पडतात, रफार भलत्याच ठिकाणी उभा राहतो. जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरणाऱ्या स्टुडिओत तर पेस्ट केलेल्या मजकुराचा पार चिवडा होतो. एडिटर मराठी वाचणारा नसेल तर त्याला यात काही चुकलंय हेच कळत नाही. फोटो समोर असला की तो अक्षरं नुसती डोळ्यांनी जुळवून पाहू शकतो. पत्रिकेचा फोटो पाठवू नये, तिच्यावरच्या नक्षीदार अक्षरांत वेलांट्या ओळखणं आपल्यालाही जड जातं. साध्या टपोऱ्या अक्षरात कागदावर लिहिलेलं चालतं.

मग विधींचा क्रम:

"४१:१० ते ४४:३५ सप्तपदी आहे आणि ४४:३५ ते ५१:०० लाजाहोम. आमच्याकडे लाजाहोम आधी झाला आणि सप्तपदी नंतर. त्यामुळे सप्तपदीचा पूर्ण तुकडा ५१:०० नंतर घ्यावा. कानपिळी लाजाहोमातच आहे, ४९:२० ला, ती हलवू नये. खात्रीसाठी भावाच्या मोबाइलवरचे दोन फोटो जोडले आहेत. लाजाहोमाचा दुपारी १२:२१ चा आहे, सप्तपदीचा १२:३४ चा."

क्रम चुकतो तेव्हा घरातली जाणती मंडळी "यांना विधी कळत नाहीत" म्हणतात. बहुतेक वेळा विधी कळण्याचा तिथे संबंधच नसतो. दोन कॅमेऱ्यांतली घड्याळं जुळलेली नसतात. एकाचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असेल तर संगणकावर त्याच्या फाइली वीस मिनिटं पुढच्या म्हणून लागतात, आणि सप्तपदी एका कॅमेऱ्याने, लाजाहोम दुसऱ्याने जवळून टिपला असेल तर दोन्हींची अदलाबदल होते. मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून आपोआप लागतं, म्हणून पाहुण्याने सहज काढलेला फोटो इथे भक्कम पुरावा ठरतो. एडिटरला दोन फोटोंवरून एका कॅमेऱ्याचा फरक मोजता येतो आणि मग त्याच कॅमेऱ्याचे बाकीचे चुकलेले तुकडेही सापडतात.

"आमच्याकडे" हा शब्दही विचार करून घातलेला आहे. मराठी लग्नातले विधी जातीगणिक, गावागणिक आणि गुरुजीगणिक बदलतात. एडिटरच्या आधीच्या दहा लग्नांत वेगळा क्रम असेल तर तो आपल्याला सुधारायला जाईल. त्याला शास्त्र शिकवायचं नसून त्या दिवशी काय घडलं ते सांगायचंय.

पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग मंगलाष्टकांचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

"२८:०५ ते ३३:४० या वेळात बाहेरची रेकॉर्ड केलेली मंगलाष्टकं लावली आहेत. आमच्या लग्नात माझ्या मावशीने स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हटली होती, त्यात दोन्ही घरांची नावं होती. ती मूळ आवाजात हवीत. तुमच्या कॅमेऱ्याच्या आवाजात गडबड असेल तर तिसऱ्या रांगेतून मोबाइलवर काढलेला पूर्ण व्हिडिओ ड्राइव्हवर टाकला आहे. मूळ फाइल आहे, व्हॉट्सअॅपवरची नाही. आवाज थोडा खरखरीत राहिला, मागे लोक बोलताना ऐकू आले, तरी चालेल."

तयार मंगलाष्टकं लावण्याची चाल जुनी आहे आणि तिला कारण आहे. कार्यालयातला माइक शिट्टी मारतो, कॅमेऱ्यावरच्या छोट्या माइकमध्ये शेजारच्या दोन गृहस्थांची गाडीच्या पार्किंगची चर्चा स्पष्ट येते आणि मावशीचा आवाज लांबून. एडिटरला वाटतं, एवढ्या मंगल क्षणी हा गोंगाट कशाला. तो स्वच्छ रेकॉर्डिंग टाकून देतो. त्याच्या कानाला ते सुधारलेलं वाटतं.

आवाज बदललाय हे ओळखायची एक खूण आहे. 'सावधान' ऐकू येतं आणि अक्षता भलत्याच वेळी उडतात. खऱ्या मंगलाष्टकांत हजार हात त्या एका शब्दावर हलतात. तयार रेकॉर्डिंगची लय निराळी असते, म्हणून हात आधी किंवा नंतर उठतात. तुमच्या व्हिडिओत तसं होत असेल तर मूळ आवाज दाबला गेलाय हे नक्की.

तो परत मिळण्याच्या जागा तीन. कॅमेऱ्यातला आवाज, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट घेतलेला आवाज असेल तर तो, आणि पाहुण्यांचे मोबाइल. यातला मिक्सरचा सर्वांत स्वच्छ, पण तो मुद्दाम वायर जोडून किंवा छोटा रेकॉर्डर लावूनच मिळतो आणि पुष्कळ लग्नांत तसं कुणी केलेलं नसतं. मोबाइलवरचा आवाज कॅमेऱ्याच्या चित्रावर बसवायला एडिटर दोन्ही आवाजांच्या लहरी पडद्यावर एकाखाली एक ठेवतो आणि एखादा ठसठशीत टोला, म्हणजे वाजंत्र्यांचा पहिला ठोका किंवा टाळी, जुळवून घेतो. सहा मिनिटांच्या मंगलाष्टकांना तेवढं पुरतं. अर्ध्या-पाऊण तासाच्या सलग रेकॉर्डिंगमध्ये मात्र दोन उपकरणांच्या घड्याळांत बारीक फरक पडत जातो आणि मध्ये पुन्हा जुळवावं लागतं. माइकच्या फार जवळ म्हटल्यामुळे आवाज फाटला असेल, तर तो फाटलेला भाग नीट होत नाही. गोंगाट कमी करता येतो, फाटलेला सूर पूर्ववत होत नाही.

या परिच्छेदातली सगळ्यात कामाची ओळ शेवटची आहे: आवाज खरखरीत राहिला तरी चालेल. एडिटरला भीती असते की मूळ आवाज ठेवला तर "आवाज खराब" म्हणून पुन्हा तक्रार येईल. ती परवानगी लेखी मिळाली की त्याचा हात मोकळा होतो.

पुढचा मुद्दा माणसांचा, म्हणजे ज्यावरून घरात खरी रुसवाफुगवी होते तो.

"माझी आजी पूर्ण फिल्ममध्ये एकदाच दिसते, १:३२:०८ ला, तीन सेकंद. जांभळी नऊवारी, जाड भिंगाचा चष्मा, हातात काठी, पहिल्या रांगेत डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर. मंगलाष्टकं, सूनमुख आणि झाल या तिन्ही वेळी ती तिथेच बसलेली होती. कच्च्या फुटेजमध्ये तिचे शॉट असतील तर दोन-तीन घालावेत. नसतील तर फोटोग्राफरने काढलेले तिचे दोन फोटो जोडले आहेत, ते १:३२:०८ च्या पुढे घेता येतील. फेटा बांधलेले, कपाळावर टिकली लावलेले, राखाडी बंदगळा घातलेले गृहस्थ १९:१५, ५६:३० आणि १:४०:१२ ला जवळजवळ त्याच शॉटमध्ये आहेत. त्यातला पहिला ठेवून दोन काढावेत. जेवणावळीचा १:१२:०० ते १:२०:०० हा भाग निम्मा केला तरी चालेल."

आजी का दिसत नाही याचं उत्तर कुणाच्या मनातल्या भेदभावात नसतं. सगळे कॅमेरे बोहल्याकडे तोंड करून उभे असतात. पहिल्या रांगेत बसवलेली म्हातारी माणसं नेमकी कॅमेरावाल्यांच्या पाठीमागे येतात. फिरून नातेवाइकांचे शॉट घेणारा माणूस उभ्या, हसत्या, हालचाल करणाऱ्या माणसांकडे आपोआप वळतो, आणि राखाडी बंदगळावाले काका दर वेळी पुढे येतात. म्हणून "आजीला का घेतलं नाही" हा प्रश्न पत्रात व्यर्थ आहे. "शोधून पाहा" हे सांगणं कामाचं. त्या शोधाला वेळ लागतो, दहा तासांचं फुटेज पुन्हा पाहावं लागतं. आजी कुठल्या विधीला कुठे बसली होती हे सांगितलं की तो शोध अर्ध्या-पाऊण तासावर येतो.

वाढवायला सांगताना काय कमी करावं हेही सांगितलेलं बरं. एडिटरला फिल्मची लांबी ठरवून दिलेली असू शकते आणि मग तो आपल्या मनाने काहीतरी उडवतो. जेवणावळीऐवजी रुखवत उडालं की पुन्हा पत्र.

रंगाबद्दल या पत्रात एकच ओळ आहे: "रिसेप्शनमध्ये १:५४:०० ते १:५८:३० चेहरे जांभळे दिसतात, शक्य तेवढं कमी करावं, जमत नसेल तर तो भाग कृष्णधवल केला तरी आवडेल." डीजेच्या एलईडी दिव्यांचा गडद जांभळा प्रकाश चेहऱ्यावर पडला की त्वचेचे बाकीचे रंग कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. नसलेला रंग कुठून काढणार. जांभळा कमी केला की चेहरे राखेसारखे होतात, म्हणून कृष्णधवलची सूट उपयोगी पडते.

पत्राचा शेवट:

"यातली पाटी, विधींचा क्रम आणि मंगलाष्टकं या दुरुस्त्या आम्हाला हव्याच आहेत. आजीचे शॉट, काकांचे शॉट, जेवणाचा भाग आणि रंग हे आमच्या आवडीचे बदल आहेत. त्यांचे वेगळे पैसे होत असतील तर काम सुरू करण्याआधी आकडा कळवावा. जे होणार नाही तेही सांगावं, म्हणजे आम्ही वाट पाहणार नाही. नवी प्रत साधारण कधी मिळेल? आणि कच्चं फुटेज तुमच्याकडे कधीपर्यंत असतं? आम्ही हार्ड डिस्क आणून देतो."

हव्याच असलेल्या आणि आवडीच्या असे दोन ढीग केल्याने पैशाची बोलणी सुकर होतात. चुकीचं नाव आणि उलटा क्रम यांचे पैसे कुठलाही समजूतदार स्टुडिओ मागत नाही. आवडीचे बदल कोटेशनमध्ये किती फेऱ्या लिहिल्यात त्यावर जातात, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर बोलून ठरवावे लागतात. राहिलेली रक्कम अडवून ठेवायचा मोह होतो. चुकांच्या बाबतीत तो समजण्यासारखा आहे, आवडीच्या बदलांसाठी मात्र मला तो रास्त वाटत नाही.

कच्च्या फुटेजचा प्रश्न पत्राच्या शेवटी असला तरी घाई त्याचीच आहे. साध्या फोर-के चित्रणाला तासाला पंचेचाळीस जीबी जागा लागणं नवं नाही. बारा तासांचे झाले पाचशे चाळीस. सीझनमध्ये तीस लग्नं करणारा स्टुडिओ एवढा डेटा कायमचा सांभाळत नाही. फिल्म दिली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुसतो. आपण वर्षभराने, पहिल्या लग्नवाढदिवसाला आजीची आठवण काढून पत्र लिहिलं तर आजीचे शॉट शोधायला काही उरलेलंच नसतं.

हक्काचं म्हणाल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ फिल्म पैसे देऊन करवून घेणाऱ्याच्या बाजूने आहे. वेगळा करार नसेल तर अशा फिल्मचा पहिला मालक ती करवून घेणारा. पण "वेगळा करार" म्हणजे कोटेशनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेल्या अटीही असू शकतात, आणि कच्चं फुटेज द्यायचं की नाही, किती पैशांत, हे तिथेच लिहिलेलं असतं. सही करताना ती बाजू उलटून पाहणारा यजमान मला अजून भेटायचाय.

गाण्यांबद्दल एक गैरसमज मोठा आहे. लग्नाच्या वरातीत आणि समारंभात गाणी वाजवायला याच कायद्याचं कलम ५२ मोकळीक देतं. ती मोकळीक वाजवण्यापुरती आहे. तेच सिनेमातलं गाणं व्हिडिओला जोडून यूट्यूबवर टाकलं की तिथली यंत्रणा ते ओळखते आणि व्हिडिओ मुका होऊ शकतो किंवा अडवला जातो. घरी पाहायची प्रत ठीक असताना "आवाज गेला" अशी तक्रार त्यामुळे येते. परदेशातल्या नातेवाइकांना लिंक पाठवायची असेल तर परवाना घेतलेल्या संगीताची वेगळी प्रत पहिल्याच पत्रात मागावी.

नवी प्रत आली की पुन्हा सगळं घर जमवायची गरज नाही. पत्र समोर ठेवून प्रत्येक बदलाची जागा आणि तिच्या अलीकडची-पलीकडची दहा-दहा सेकंदं पाहावीत. तुकडा हलवला की जुन्या जागी क्षणभर काळा पडदा राहून जातो, गाणं मध्येच तुटतं किंवा एकच शॉट दोनदा येतो. सप्तपदी जिथून उचलली ते एकेचाळिसावं मिनिट आणि जिथे नेली ती जागा, दोन्ही तपासायच्या. सगळं जमलं असेल तर "फिल्म मंजूर" एवढं लिहून कळवावं. तो मेसेज मिळाला की स्टुडिओ डिस्क रिकामी करायला मोकळा होतो, म्हणून पाठवण्याआधी कच्चं फुटेज आपल्या हार्ड डिस्कवर खरंच उतरलंय का, हे दोन-चार फाइली उघडून बघावं.